दारू सोडल्यावर तिसऱ्या दिवशी भास आणि ताप

प्रश्न : वडिलांनी रोजची दारू तीन दिवसांपूर्वी एकदम बंद केली. आज ताप आहे, चादरीवरचे किडे झटकतात, आम्हाला ओळखत नाहीत. झोपले की उतरेल का?

उत्तर : नाही, त्यांना आत्ताच अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या, हा बहुधा डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू अचानक थांबल्याने होणारा गंभीर भ्रम आहे. वर्षानुवर्षांच्या मद्याने दबलेला मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून तोल सांभाळत असतो आणि दारू अचानक थांबली की तो दाब जातो, पण उत्तेजना तशीच राहते. म्हणून साधारण ४८ ते ९६ तासांत थरथर, घाम, ताप, वाढलेला रक्तदाब आणि भ्रम एकत्र दिसतात. पहिल्याच दिवशी भास झाले तरी माणसाला बहुधा भान असते; इथे स्थळकाळाचेच भान सुटते, आणि धोक्याची खूण तीच. उपचाराविना फिटचे झटके, हृदयाची अनियमित लय किंवा शरीरातील पाणी-क्षारांचा बिघाड यांमुळे मृत्यू येऊ शकतो. रुग्णालयात शिरेतून मेंदूची उत्तेजना शमवणारे डायझेपाम किंवा लोराझेपाम, तसेच थायमिन हे ब१ जीवनसत्त्व देतात. मात्र डोक्याला मार किंवा मेंदूज्वर यांतही असेच चित्र दिसते, त्यामुळे अलीकडे ते पडले असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा. घरी पुन्हा दारू किंवा झोपेची गोळी देऊ नका.