आरडी की पॉलिसी? त्याआधी जून-जुलैचं बघू

वाचक भगिनीचं पत्र:

«नवरा (वय ४१) बोटीवर खलाशी आहे. मी (वय ३७) हर्णैच्या लिलावात मासळी घेऊन दापोलीत विकते. गटाच्या आर्थिक साक्षरता शिबिरात सांगितलं की आधी बचत, मग खर्च. म्हणून महिन्याला ३,००० बाजूला टाकायचं ठरवलंय. पोस्टाची आरडी करू, की ओळखीचे एजंट सांगतात ती १५ वर्षांची पॉलिसी घेऊ? एकूण ५ लाख ४० हजार भरायचे आणि ८ लाख मिळतात म्हणे. छपरासाठी फेब्रुवारीत एका फायनान्सकडून १ लाख घेतलेत, १२ टक्क्यांनी, २ वर्षांसाठी, हप्ता ५,१६७. हातात ९५ हजार आले. ८ हप्ते भरून झाले. जूनमध्ये बांगड्या पतपेढीत ठेवून ४० हजार घेतले होते, ते याच महिन्यात ४२,४०० भरून सोडवले. दरवर्षी सोडवतोच, त्यामुळे ती काळजी नाही.»

ताई, सध्या दोन्ही नको. पॉलिसी तर अजिबात नको.

पॉलिसीचं आधी उरकून टाकते. महिना ३,००० प्रमाणे १५ वर्षं भरून ८ लाख मिळाले, तर परतावा पडतो वर्षाला साधारण ५ टक्के. तोही बोनस एजंटने रंगवला तितका मिळाला तरच, आणि बोनसची हमी नसते. पहिल्या काही वर्षांत भरणं थांबलं तर भरलेले सगळे पैसे परत येत नाहीत. ज्या घराची कमाई दरवर्षी दोन महिने बंद असते, त्या घराला दर महिन्याच्या हप्त्याची १५ वर्षांची पॉलिसी विकायला निघणं मला मुळीच पटत नाही. ओळखीचा माणूस आहे म्हणून संकोच करू नका, स्पष्ट नाही म्हणा.

आता आरडी. पोस्टाच्या आरडीला सध्या ६.७ टक्के व्याज आहे. महिना ३,००० म्हणजे वर्षाचे ३६ हजार, आणि त्यावर ६.७ टक्के म्हणजे २,४०० व्याज, असा हिशेब बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी मिळतात सुमारे १,३००. यात पोस्ट फसवत नाही. तुमचा पहिला हप्ता तिथे १२ महिने राहतो, दुसरा ११ आणि शेवटचा जेमतेम एक. सरासरी काढली तर वर्षभर निम्म्याहून थोडेच जास्त पैसे तिथे होते, म्हणून व्याजही तेवढ्यावरच. हे रास्त आहे.

हाच हिशेब तुमच्या कर्जाला लावून बघा. फायनान्सवाल्याने १ लाखाचे १२ टक्के म्हणजे वर्षाला १२ हजार, दोन वर्षांचे २४ हजार धरले. १ लाख २४ हजारांना २४ ने भागलं की तुमचा ५,१६७ चा हप्ता निघतो. पण १ लाख तुमच्याकडे दोन वर्षं कुठे राहतात? पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल परत करायला लागलात. दोन वर्षांची सरासरी काढली तर तुमच्याकडे त्यांचे ५५ हजारांच्या आसपासच पैसे असतात, आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर घेतलं जातं. ५५ हजारांवर वर्षाला १२ हजार म्हणजे जवळपास २२ टक्के. याला फ्लॅट रेट म्हणतात. बँक जो दर सांगते तो सहसा घटत्या शिल्लकेवरचा असतो, म्हणून १२ फ्लॅट आणि १२ घटता हे आकडे दिसायला सारखे असले तरी त्यांची तुलनाच होत नाही. दोन-तीन वर्षांच्या कर्जाला अंदाज हवा असेल तर फ्लॅट दराला पावणेदोन ते १.८ ने गुणा, खऱ्या दराच्या जवळ पोचाल.

आणि हातात ९५ हजारच आले ना? ५ हजार प्रोसेसिंग आणि विम्याच्या नावाखाली आधीच कापले असणार. ९५ हजार घेऊन ५,१६७ चे २४ हप्ते भरायचे, म्हणजे खरा दर २७ टक्क्यांवर जातो.

हा आकडा तुमच्या कागदांत असायला हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या अशा कर्जांबरोबर मुख्य तथ्य विवरण नावाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात वार्षिक टक्केवारी दर म्हणजे एपीआर लिहिलेला असतो आणि कापलेले शुल्क व विम्याचे पैसेही त्यात धरावे लागतात. फाइल काढून तो कागद शोधा, नसेल तर शाखेत जाऊन मागा. पुढे कधीही कर्ज घ्याल तेव्हा सही करण्याआधी फक्त तो एक आकडा बघा. एजंट तोंडी काय दर सांगतो ते सोडून द्या.

हे वाचून तुम्ही लगेच दुसरीकडून कर्ज काढून हे फेडायला निघाल, म्हणून त्याचाही हिशेब मांडते. आजवर तुम्ही ४१ हजार भरलेत. त्यातले साडेबारा हजार व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं फक्त २८-२९ हजारांनी, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो. आज सुमारे ७१ हजार मुद्दल बाकी आहे. समजा तेवढेच पैसे बँकेने घटत्या शिल्लकेवर १२ टक्क्यांनी १६ महिन्यांसाठी दिले, तर हप्ता ४,८५० च्या आसपास येईल. महिन्याला सव्वातीनशे वाचले, सगळे मिळून ५ हजार. पण कर्ज मुदतीआधी बंद करायचं शुल्क समजा ४ टक्के असेल, तर जीएसटीसह ३,३०० पेक्षा जास्त तिथेच गेले. वर नव्या कर्जाचं प्रोसेसिंग. हाती काहीच लागत नाही. शुल्क नाही असं त्यांनी लेखी दिलं तर विचार करा, एरवी हे कर्ज आहे तसंच संपू द्या. महागाचं व्याज मुख्यतः पहिल्या वर्षातच भरलं जातं, आता उशीर झालाय.

मला जास्त खटकली ती तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. बांगड्या दरवर्षी सुटतात म्हणून काळजी नाही, असं तुम्ही म्हणता. ४० हजारांचे चार महिन्यांत ४२,४०० झाले, म्हणजे महिन्याला दीड टक्का, वर्षाला १८ टक्के. एकीकडे १८ टक्क्यांनी उसने घ्यायचे आणि दुसरीकडे ६.७ टक्क्यांच्या आरडीत घालायचे, यात बचत काहीच होत नाही.

शिवाय ही अडचण अचानक आलेली नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, दरवर्षी त्याच तारखांना. तुमच्या घरात तर दोन्ही कमाया एकदम थांबतात, कारण बोट बंद झाली की तुमच्या टोपलीतही मासळी येत नाही. वाणी, वीज, शाळेची वह्यापुस्तकं मात्र थांबत नाहीत. घरखर्च महिना १५ हजार धरला तर दोन महिन्यांचे ३०, आणि फायनान्सचे दोन हप्ते १० हजार. हेच ते बांगड्यांवरचे ४० हजार. शिबिरात शिकवलेला दरमहाचा ताळेबंद बारा महिने पगार येणाऱ्या घराचा असतो. तुमची कमाई दहा महिन्यांची आणि खर्च बारा महिन्यांचा आहे. त्यामुळे तुम्ही ज्याला उरलेले ३,००० म्हणता ते उरलेले नाहीतच, ते जूनचे आहेत.

म्हणून नोव्हेंबरपासून ते ३,००० तुमच्या नावावरच्या वेगळ्या बचत खात्यात टाका. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊ नका. व्याज कमी मिळेल, मिळू द्या. इथे आपल्याला पतपेढीचे १८ टक्के वाचवायचे आहेत. पोस्टाची आरडी या कामाची नाही, कारण ती ५ वर्षांची असते. ३ वर्षांआधी बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी बंद केली तर बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनीच व्याज मिळतं. जूनमध्ये हप्ता चुकला की त्यावर विलंबशुल्क वेगळं.

मेपर्यंत सात महिन्यांचे २१ हजार जमतील. म्हणजे येत्या जूनमध्ये पतपेढीतून ४० ऐवजी १९-२० हजारच घ्यावे लागतील, आणि निम्म्या बांगड्या घरी राहतील. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तेजीच्या महिन्यांत यंदा तुम्ही ४२,४०० उभे केलेत. पुढच्या वर्षीही तेवढे निघाले तर साधारण २१ हजारांत सोनं सुटेल आणि उरलेले २१ हजार थेट त्या खात्यात जातील. त्यावर नोव्हेंबर ते मेचे पुन्हा २१ हजार, म्हणजे ४२. तोवर फेब्रुवारीत फायनान्सचं कर्जही संपलेलं असेल, त्यामुळे त्या जून-जुलैला लागतील फक्त ३० हजार. म्हणजे दुसऱ्या पावसाळ्याला पतपेढीत जावं लागणार नाही. वादळामुळे बोटी बंदरात उभ्या राहिल्या आणि एखादा महिना कोरडा गेला, तरी १२ हजारांची सवड आहे. त्यानंतर हप्त्याचे ५,१६७ मोकळे होतील, तेव्हा आरडीबद्दल जरूर विचारा. कदाचित त्या वेळी मी हो म्हणेन.

एजंटच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. माणूस समुद्रावर जातो, त्याचा विमा हवाच. त्यासाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना घ्या: वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख, १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येतं. आणि सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. तुम्ही दोघंही घ्या, ज्या बँकेत खातं आहे तिथेच अर्ज मिळतो. नोव्हेंबरअखेर जीवन ज्योती घेतली तर या वर्षापुरते ३४२ च लागतील. मात्र पहिले ३० दिवस तिचं संरक्षण फक्त अपघाती मृत्यूला असतं. वारस म्हणून एकमेकांची नावं लिहा आणि ती नोंदली गेली का ते पावतीवर तपासा.

दोन्ही विम्यांचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. नेमकं तेव्हाच तुमच्याकडे खातं रिकामं करून घरात पैसे आणले जातात. शिल्लक नसेल तर विमा तिथेच तुटतो, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात दोघांच्याही खात्यात किमान ५०० रुपये ठेवा.