हीटरचा थर्मल फ्यूज : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

घरगुती बनावटीचे ड्रायर, अंड्यांचे इन्क्युबेटर आणि थ्रीडी प्रिंटरचे तापणारे बेड यांविषयी नाशिक परिसरातून येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. तापमान सांभाळणारी व्यवस्था आणि ती बिघडल्यावर वीज तोडणारी थर्मल फ्यूजसारखी व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घेतले जात नाही. म्हणून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

हीटरच्या लाइनवर एमसीबी आहे. मग थर्मल फ्यूज कशाला? (सिडको)

हीटर बेकाबू तापत असतानाही त्याचा करंट नेहमीइतकाच असतो, त्यामुळे एमसीबीला त्यातले काहीच कळत नाही.

माझ्या प्रोग्रॅममध्ये कमाल तापमानाची मर्यादा आहे, सेन्सर तुटला तर हीटर बंद करण्याची तपासणीही आहे. तरी आणखी काही लागते का? (सातपूर)

लागते. तपासण्या चांगल्या आहेत, त्या काढू नका. थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा सेन्सर, जागेवरून निसटला, त्याची तार तुटली किंवा हीटर चालू असूनही तापमान वाढेना, तर या तपासण्या ते ओळखतात. मात्र ओळखल्यानंतर फर्मवेअर एवढेच करू शकते की एका पिनवरचा सिग्नल काढून घ्यायचा. तो सिग्नल ज्या एसएसआरला, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रिलेला जातो, तो एसएसआर निकामी होताना बहुधा उघडा न राहता शॉर्ट होतो. मग सिग्नल असो वा नसो, हीटरला पूर्ण वीज जात राहते आणि पडद्यावर मात्र ‘हीटर बंद’ असे दिसते. हे ओळखायची खूण अशी, की एसएसआरवरचा लहान दिवा विझलेला असतो आणि हीटर तरीही गरम होत असतो. वीजपुरवठा पूर्ण तोडून, हीटरची तार सोडवून, आउटपुटच्या दोन टोकांमधला रोध मल्टिमीटरने मोजला आणि तो शून्याजवळ आला, तर एसएसआर गेला आहे. लेबलवर २५ अँपिअर छापून आत कमी क्षमतेचा ट्रायॅक घातलेले स्वस्त एसएसआर बाजारात सर्रास मिळतात आणि हीटसिंकशिवाय वापरले की ते याच मार्गाने जातात.

म्हणून वीज तोडणारी व्यवस्था स्वतंत्र हवी. ‘स्वतंत्र’ याचा अर्थ सेन्सर, प्रोग्रॅम आणि वीज तोडणारा घटक यांपैकी काहीही मुख्य नियंत्रणाशी सामाईक नसणे. काही जण त्याच बोर्डवर दुसरा थर्मिस्टर जोडून निश्चिंत होतात. त्या दुसऱ्या थर्मिस्टरचा हुकूमही शेवटी त्याच शॉर्ट झालेल्या एसएसआरकडे जातो. थर्मल फ्यूजमध्ये तापमान ओळखणारा आणि वीज तोडणारा घटक एकच असतो. आतली सेंद्रिय पदार्थाची गोळी वितळते, स्प्रिंग सुटते आणि संपर्क कायमचा तुटतो. त्याला बोर्ड लागत नाही आणि सिग्नलही लागत नाही.

गिझरमध्ये असतो तसा बायमेटल थर्मोस्टॅट लावला तर चालेल का? तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. (पंचवटी)

फ्यूजच्या आधीचा टप्पा म्हणून चालेल, फ्यूजऐवजी नाही. आपोआप जुळणारा बायमेटल तापमान उतरले की पुन्हा वीज सोडतो आणि मूळ दोष तसाच राहतो. रात्रभर ही उघडझाप चालली, तर त्याचे संपर्क एकमेकांना चिकटण्याची शक्यता वाढते. हाताने बटण दाबून जुळवावा लागणारा प्रकार त्याहून बरा. दोन्ही बसवत असाल तर दोन्ही फेजच्या तारेत, एकापाठोपाठ जोडा. न्यूट्रलमध्ये तोडलेला हीटर गार पडला तरी जिवंत असतो, आणि त्याचे एलिमेंट कोठे बॉडीला टेकले असेल तर फेज आणि अर्थिंग यांच्यामधून तो तापतही राहू शकतो. तुमच्या सॉकेटमध्ये फेज खरोखर योग्य बाजूला आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून आधी तपासून घ्या.

कांद्याच्या चकत्या वाळवण्यासाठी प्लायवूडची पेटी केली आहे. १००० वॉटचा फिन हीटर, एक पंखा, सेटिंग ६० अंश. फ्यूज किती अंशांचा घ्यावा? दुकानदार म्हणतो ७२ चा घ्या, ६० च्या जवळचा आहे. (निफाड)

दुकानदाराचा सल्ला विसरा. फ्यूजची जागा ठरल्याशिवाय त्याच्या आकड्याला अर्थ नसतो, कारण ६० अंश हे ट्रेपाशी असलेल्या सेन्सरचे तापमान आहे, फ्यूजचे नव्हे.

आधी जागा ठरवू. तुमच्या पेटीतला सर्वांत घातक बिघाड एसएसआरचा नसून पंख्याचा आहे, असे मला वाटते. पंखा थांबला की गरम हवा ट्रेपर्यंत पोहोचतच नाही, सेन्सर ४५ अंश दाखवू लागतो आणि कंट्रोलर प्रामाणिकपणे हीटरला पूर्ण वीज देत राहतो. इकडे हीटरचे फिन लाल होऊ लागतात आणि त्यांची उष्णता सरळ वर चढते. म्हणून फ्यूज सेन्सरशेजारी बसवला तर तोही सेन्सरइतकाच आंधळा राहतो. तो हीटरच्या वरच्या बाजूला, फिनना न टेकता, हवेच्या मार्गावरच्या पत्र्याला लावून बसवा, म्हणजे पंखा चालू असताना त्याला वारा मिळेल आणि पंखा बंद पडताच सर्वांत आधी तोच तापेल.

आता आकडा. एखादा उडालेला जुना फ्यूज त्या जागी नेमका तसाच बसवा, त्याच्या अंगाला थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचे टोक बांधा आणि पेटी नेहमीप्रमाणे, पण नेहमीच्यांतल्या सर्वांत वाईट स्थितीत चालवा : मे महिन्यातली दुपार, जाळीवर कांद्याची सालपटे अडकलेली, आणि व्होल्टेज चढलेले. २३० ऐवजी २५० व्होल्ट आले तर हीटरची शक्ती वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तुमचा १००० वॉटचा हीटर सुमारे ११८० वॉट देतो आणि ४.७ अँपिअर खेचतो. त्यामुळे २५० व्होल्ट, १० अँपिअरचा फ्यूज करंटच्या दृष्टीने पुरेसा सैल आहे.

यापुढची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. पेटी भरात असताना मेन स्विच बंद करा आणि थर्मोकपल बघत राहा. हीटर व पंखा एकदम थांबतात, पण फिनमध्ये साठलेली उष्णता वर येते आणि फ्यूजच्या जागेचे तापमान उतरण्याऐवजी काही वेळ चढते. ग्रामीण भागात लोडशेडिंगमुळे हे वरचेवर घडणार आहे. समजा चालू असताना ७८ अंश मिळाले आणि वीज गेल्यावर ते ९२ पर्यंत चढले. दुकानदाराचा ७२ चा फ्यूज पहिल्याच दिवशी उडाला असता. मग तुम्ही वैतागून तेथे तार जोडली असती आणि माझी भीती नेमकी तीच आहे.

डेटाशीटवर दोन तापमाने असतात. टीएफ म्हणजे ज्याच्या आत फ्यूज उडायलाच हवा ते तापमान. टीएच म्हणजे ठरलेला करंट वाहत असताना फ्यूज न उडता दीर्घकाळ तग धरतो ते कमाल तापमान. लोक फक्त टीएफ बघतात. तुमच्या उदाहरणात ९२ च्या वर अंतर राखून टीएच किमान १०० असलेला फ्यूज शोधावा लागेल आणि त्याचा टीएफ साधारण १२० च्या आसपास निघेल. नित्याचे तापमान टीएचच्या जवळ राहिले, तर आतली गोळी हळूहळू झिजते आणि फ्यूज काही महिन्यांनी विनाकारण उडतो.

एवढ्यावर काम संपत नाही, कारण फ्यूज १२० ला उडतो तेव्हा फिन त्याहून कितीतरी तापलेले असतात आणि वीज तुटल्यावरही प्लायवूडचे तापमान काही काळ वाढत राहते. हे प्रत्यक्ष बिघाड करूनच कळते : खरा फ्यूज बसवायचा, पंख्याची तार काढायची, एसएसआर बायपास करायचा, एक थर्मोकपल प्लायवूडच्या सर्वांत जवळच्या भागावर चिकटवायचे आणि फ्यूज उडल्यानंतरचा सर्वोच्च आकडा टिपायचा. ही चाचणी घराबाहेर, लांबून बंद करता येईल अशा स्विचवर, ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवून आणि परवानाधारक वायरमन शेजारी असतानाच करावी. एकट्याने करू नये. प्लायवूड १०० अंशांच्या पुढे जात असेल तर फ्यूजचा आकडा खाली ओढून प्रश्न सुटणार नाही, कारण मग तो लोडशेडिंगला उडेल. हीटरभोवती पत्र्याचे अस्तर द्या, पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये हवेची फट ठेवा किंवा कमी वॉटचा हीटर घ्या, आणि चाचणी पुन्हा करा. लाकूड महिनोन्‌महिने भाजत राहिले की ते ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकते, म्हणून एकदा ‘काही झाले नाही’ याला पुरावा मानू नका. चाचणीत उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच मॉडेलचा नवा बसवा.

फ्यूज सोल्डर केल्यावर लगेच उडालेला निघाला. माल खराब का? (अंबड)

माल चांगला होता, तुम्हीच तो उडवलात. सोल्डरिंगची उष्णता पायातून गोळीपर्यंत जाते. सोल्डरऐवजी दाबून तारा जोडणारी क्रिम्प स्लीव्ह वापरा, पाय वाकवायचे असतील तर बॉडीपासून काही मिलिमीटर सोडून वाकवा आणि इपॉक्सी लावलेल्या टोकाला ताण देऊ नका. गोळीच्या प्रकारात धातूची बॉडी एका पायाशी जोडलेली, म्हणजे जिवंत असते. पत्र्याला लावण्यापूर्वी तिच्यावर फायबरग्लासची स्लीव्ह चढवा, नाहीतर पत्राच फेजला येईल. पत्र्याला अर्थिंग असायलाच हवे. थर्मोकपलने मोजतानाही तीच स्लीव्ह चढवलेली असू द्या, कारण तिच्यामुळे फ्यूजपर्यंत उष्णता उशिरा पोहोचते.

ऑनलाइन दहा फ्यूजचे पाकीट खूप स्वस्त मिळते. घ्यावे का? (ओझर)

डेटाशीट नसेल आणि त्यावर आयईसी ६०६९१ मानकाचे प्रमाणन नसेल, तर फुकट मिळाले तरी घेऊ नका. मानकानुसार फ्यूज टीएफच्या वर न उडता राहता कामा नये आणि टीएफच्या १० अंशांहून अधिक खालीही उडता कामा नये. नकली माल नेमका येथेच ढळतो आणि बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. शंका असेल तर पाकिटातला एखादा नग तपमापी असलेल्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये, अगदी सावकाश तापवून तपासून घ्या.

इन्क्युबेटरचा फ्यूज दोनदा उडाला. मेकॅनिक म्हणाला, तिथे तार जोडा, कंट्रोलर आहेच. (सिन्नर)

तार जोडू नका. त्या मेकॅनिकला निदान करायचे नव्हते, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ. फ्यूज दोनदा उडाला म्हणजे एकतर त्याच्या जागेचे नित्याचे तापमान टीएचला भिडते आहे, नाहीतर पंखा अडखळतो आहे किंवा एसएसआर अधूनमधून शॉर्ट होतो आहे. पहिली शक्यता थर्मोकपलने, दुसरी पंखा हाताने फिरवून आणि तिसरी वर सांगितलेल्या दिव्याच्या खुणेवरून तपासता येते. कारण सापडेपर्यंत इन्क्युबेटरचा प्लग काढून ठेवा आणि अंडी दुसरीकडे हलवा. कारण सापडलेच नाही, तर आख्खे यंत्र जाणकार विद्युत अभियंत्याला दाखवा.

माझ्या प्रिंटरचा बेड २४ व्होल्ट डीसीवर चालतो. २५० व्होल्टचा फ्यूज त्याला आपोआप चालेल ना? (दिंडोरी)

आपोआप नाही. एसीमध्ये करंट दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो आणि संपर्कातली ठिणगी विझते. डीसीमध्ये ती आपसूक विझत नाही. डेटाशीटमध्ये डीसीचा वेगळा आकडा असेल तोच धरा, नसेल तर उत्पादकाला लेखी विचारा. फ्यूज बेडवर ठेवून त्याच्यातून पॉवर सप्लायची २३० व्होल्टची तार फिरवण्याची युक्तीही कोणी सुचवेल. बेड सतत हलतो, तार घासली जाते आणि मेन्सची वीज थेट धातूच्या बेडवर येऊ शकते, म्हणून ती युक्ती करू नका.