वर्षाची डायबेटिस तपासणी: कागदावर काय लिहून न्यायचं आणि लॅबमध्ये काय मागायचं

प्रश्न: "नाना ६१ वर्षांचे, ९ वर्षांपासून शुगर. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. पुढच्या आठवड्यात चोपड्याहून जळगावला वर्षाच्या तपासणीला नेतोय. कोणत्या टेस्ट होतील आणि डॉक्टरांना काय काय विचारू?"

आधी घरातली तयारी. रात्री दहापर्यंत जेवण आटपा, त्यानंतर फक्त पाणी. सकाळची शुगरची गोळी घरी द्यायची नाही, सोबत घ्यायची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेऊन एसटीत बसलं, गाडीला उशीर झाला आणि लॅबमध्ये रांग लागली, तर साखर खाली जाऊन घाम आणि थरथर सुरू होते. खिशात साखरेची पुडी ठेवा. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या, मग टेस्ट बोंबलली तरी चालेल. बीपीची गोळी मात्र बहुतेकांनी नेहमीच्या वेळेलाच घ्यायची असते. तरी डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

उपाशीपोटीचं रक्त दिलं की गोळी आणि जेवण नेहमीसारखंच. 'आज तपासणी आहे' म्हणून एक केळं आणि दोन बिस्किटांवर भागवलं, तर जेवणानंतरची शुगर छान येते आणि डॉक्टरांची फसगत होते. घरी नानांच्या ताटात भाकरी-भाजी असेल तर तीच डब्यात न्या. जेवणानंतरचं रक्त दोन तासांनी घेतात. ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, याला उपास लागत नाही. आपल्या भागात एक गोष्ट लक्षात ठेवा. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार-धडगाव-शिरपूर-चोपडा-यावल या बाजूला, सिकल सेल आढळतो. घरात कुणाला तो असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेने उलट खोटा जास्त येतो. ग्लुकोमीटर सारखा २०० च्या वर आणि एचबीएवनसी ६.२ असं दिसलं, की आकड्यावर खूश होऊ नका, जुळत का नाही ते विचारा.

आता मुख्य गोष्ट. पॅकेजमध्ये तीसचाळीस टेस्ट असतात, पण किडनीची खरी लवकरची खूण पकडणारी टेस्ट त्यात नसते असं बऱ्याचदा होतं. तिचं नाव लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, लॅबवाले एसीआर म्हणतात. साध्या लघवी तपासणीत पट्टी बुडवतात आणि 'अल्ब्युमिन निल' लिहितात, पण अल्ब्युमिन म्हणजे लघवीतून गळणारं प्रथिन थोडंच असेल तर ती पट्टी ते ओळखतच नाही. म्हणून चिठ्ठीवर एसीआर आहे का ते आधी बघा, नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली. लॅबमधून आदल्या दिवशी डबी आणता आली तर घरीच घ्या आणि तशीच पोचवा.

एक उदाहरण बघा. नानांच्या वयाचा माणूस आहे असं धरा. किडनी रक्तातून गाळून टाकते तो एक कचरा म्हणजे क्रिएटिनिन. रक्तात ते गेल्या वर्षी १.१, यंदा १.३. बऱ्याच लॅबमध्ये दोन्ही 'नॉर्मल'च्या रकान्यात बसतात, कुणी लाल खूण करत नाही. पण वय आणि लिंग धरून किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढली तर गेल्या वर्षी साधारण ७७ होती आणि यंदा ६२ आहे. त्यात एसीआर आला ८६. एसीआर ३० च्या आत हवा. ३० ते ३०० मध्ये किडनीला त्रास सुरू झाल्याची खूण मानतात, ३०० च्या वर जास्त गंभीर. तरी एका रिपोर्टवर घाबरायचं नाही. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीचं अंगमेहनतीचं काम, खूप वाढलेली साखर किंवा बीपी, यांनीही हा आकडा चढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा जास्त आला तर तो खरा. क्रिएटिनिनचंही तसंच. मे महिन्यातलं ऊन, शेतातून आलेला माणूस आणि पोटात पाणी कमी, एवढ्यानेसुद्धा ते वर जातं. म्हणून वर्षाची तपासणी उन्हाळ्यात ठेवू नये असं माझं मत. ठेवलीच तर आदल्या दिवशी नीट पाणी पाजा.

गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवाच. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीवर भार येतो, आणि घरचे हे सांगायचं नेमकं विसरतात. नावं पाठ करू नका. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढ्याची बाटलीसुद्धा.

डोळ्यांचं म्हणाल तर चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून मागचा पडदा बघायला हवा. थेंबांनंतर चारसहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. काळा गॉगल न्या, आणि नानांना मोटारसायकल चालवू देऊ नका. रक्त सकाळी आणि डोळे दुपारी ठेवलेले बरे, नाहीतर डब्यातली भाजीसुद्धा धूसर दिसेल.

पायांना तपासणीत मिनिटभरही मिळत नाही, म्हणून चप्पल-मोजे तुम्हीच काढून बसवा. स्पर्श कळतो का हे बघायला डॉक्टर नायलॉनच्या जाडसर दोऱ्याचं टोक तळव्यावर टेकवतात. दहा ग्रॅम दाबाला तो दोरा वाकतो. आधी हातावर लावून दाखवतात, मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याखाली, बोटांना, चवड्याला. नानांनी कळलं तरच 'हो' म्हणायचं, अंदाजाने नाही. घट्टा पडलेली जागा सोडून देतात. त्याबरोबर पायाची नाडीही बघितली पाहिजे. अनवाणी रानात फिरण्याची सवय असेल तर ते तोंडाने सांगा.

विचारायच्या गोष्टी एका चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरात:

- गेल्या वर्षीच्या तुलनेत ईजीएफआर आणि एसीआर किती सरकलं? (जुने रिपोर्ट सोबत हवेतच.)
- या ईजीएफआरला मेटफॉर्मिनचा डोस योग्य आहे का? ४५ च्या खाली गेला तर डोसचा विचार करावा लागतो, ३० च्या खाली ती बंद करतात.
- मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, बी-ट्वेल्व तपासायचं का? तळव्याला मुंग्या येत असतील तर हा प्रश्न सोडू नका.
- एसीआर खरंच वाढलेला निघाला तर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही किडनीला जपणारी बीपीची गोळी सुरू करायची का, आणि त्यानंतर क्रिएटिनिन व पोटॅशियम किती दिवसांनी बघायचं? साधारण एक-दोन आठवड्यांनी बघतात.
- नानांसाठी एचबीएवनसीचं आणि बीपीचं लक्ष्य नेमकं किती? सगळ्यांना एकच आकडा लागू नसतो.

आणखी एक. डॅपाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीत साखर चार प्लस येणारच, ती गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते. तो कागद बघून घरी आल्यावर नानांचं जेवण तोडू नका.