भाडेकराराच्या एकाच पानाचे दोन फोटो, बदल कसे शोधायचे?

प्रश्न: मालकांनी दुकानाच्या भाडेकराराच्या एका पानाचा फोटो आधी पाठवला होता. आता 'किरकोळ दुरुस्ती केली आहे' म्हणून त्याच पानाचा दुसरा फोटो आलाय, उद्या सही आहे. कुठली कलमं आणि कुठले आकडे बदललेत हे नक्की कसं काढायचं?

मी कोल्हापुरात वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं टायपिंग आणि नकलांचं काम केलं. कोर्टाच्या नकलेवर 'रुजुवात घेणार' म्हणून एक सही असते. ती सही करणाऱ्याने नक्कल मूळ कागदाशी शब्दन् शब्द ताडून पाहिलेली असते. तुम्हाला तेच करायचं आहे, फक्त समोर कागदाऐवजी फोटो आहेत.

आधी फोटो नीट मागवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की बारीक अक्षर फुटतं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. तळाची अर्धी ओळ कापली गेली असेल तर ती मनाने पूर्ण करू नका. यादीत तिथे 'वाचता येत नाही' असंच लिहा आणि पुन्हा फोटो मागा.

दोन फोटो एकमेकांवर ठेवून बघायच्या फंदात पडू नका. एक शब्द वाढला की खालच्या ओळी सरकतात आणि सगळंच बदलल्यासारखं दिसतं. त्याऐवजी वहीत दोन रकाने आखून दोन्ही पानांवरचे कलमांचे क्रमांक आणि प्रत्येक कलमाचे पहिले तीन-चार शब्द समोरासमोर लिहा. गळलेलं कलम इथेच सापडतं.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने राजारामपुरीत ३६ महिन्यांसाठी गाळा घेतला, तेव्हा असंच झालं. पहिल्या फोटोत कलम ८ होतं, 'छताच्या गळतीची दुरुस्ती मालकाने करावी'. दुसऱ्यात ते नव्हतंच. आपल्याकडचा पाऊस बघता ते कलम किती मोलाचं हे सांगायला नको. क्रमांक मात्र सलग होते, कारण जुनं ९ आता ८ झालं होतं आणि जुनं १० आता ९. पण कलम ११ मध्ये, म्हणजे जुन्या १२ मध्ये, अजूनही 'कलम ९ प्रमाणे नोटीस देऊन' असंच होतं, आणि नव्या ९ मध्ये लाईट बिल होतं! म्हणून पानावर जिथे जिथे 'कलम अमुक प्रमाणे' येतं, तिथे ते कलम उघडून बघा. असा चुकीच्या ठिकाणी जाणारा उल्लेख दिसला, तर मधलं काहीतरी काढलंय किंवा घातलंय असं समजा.

मग आकडे. नुसता आकडा उतरवू नका, त्याचं एकक आणि 'दर', 'पर्यंत', 'पासून' हे शब्दही सोबत घ्या. भाच्याच्या पानावर भाडं १८,००० आणि वाढ ५ टक्के, दोन्हीकडे तेच. पण 'दर १२ महिन्यांनी' चं 'दर ११ महिन्यांनी' झालं होतं. हिशेब केला तर ३६ महिन्यांचं भाडं ६,८०,९४० वरून सुमारे ६,८६,७०७ वर गेलं, म्हणजे जवळजवळ ५,७७० रुपये जास्त. नोटिशीत ६० दिवसांचे ३० झाले होते, आणि कंसात अक्षरी मात्र 'साठ' तसंच राहिलं होतं. आकडा आणि अक्षर एकाच पानावर जुळतात का, हे दुसऱ्या फोटोशिवायही तपासता येतं. अस्पष्ट फोटोत १ आणि ९ फसवतात, तिथे अक्षरी रक्कमही बघा, पण आकडा नुसता तिच्यावरून ठरवू नका, 'वाचता येत नाही' असंच लिहा.

शेवटी मजकूर, आणि हे काम एकट्याने होत नाही. एकाने जुनं पान मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने नव्या पानावर बोट ठेवून ऐकायचं. एकटं वाचताना ओळखीचं वाक्य डोळा पुरं करून टाकतो आणि मधलं 'नाही' सुटतं. गूगल लेन्सने मजकूर काढून ताडला तरी चालेल, पण त्यात दिसलेला प्रत्येक फरक फोटोत बघूनच यादीत घ्या. मशीन अनुस्वार खातं, आकडाही चुकीचा वाचतं.

यादीत प्रत्येक बदलासाठी जुना क्रमांक, नवा क्रमांक, आधीचे शब्द आणि आताचे शब्द, जसेच्या तसे लिहा. 'वाढ बदलली' असं मोघम नको. ती यादी मालकांना पाठवा आणि उत्तर लेखी घ्या.

दुरुस्त पान आलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून रुजुवात करा. भाच्याच्या तिसऱ्या फोटोत गळतीचं कलम परत आलं होतं, ११ चे १२ महिनेही झाले होते, पण नोटीस ३० दिवसांचीच होती, आणि या वेळी कंसातलं 'साठ' बदलून 'तीस' केलं होतं.