गुळाच्या पाकिटावरची 'आमची गोष्ट': काय लिहावं, काय गाळावं

प्रश्न: पन्हाळा तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. सासऱ्यांनी १९९८ साली सुरू केलं, आता मी आणि माझे यजमान बघतो. गुळव्या जुनाच आहे. ऊस अडीच एकर घरचा, बाकी आसपासच्या शेतकऱ्यांकडून घेतो. भेंडी आणि चुना वापरतो, रंग उजळवणारी हायड्रोस पावडर नाही. यंदा गुळाचे एक किलोचे रवे, म्हणजे छोट्या ढेपा, पाकिटात विकणार आहोत. डिझायनरनं मजकूर दिलाय: 'पिढ्यानपिढ्यांची परंपरा जपत, आजीच्या मायेनं, आमच्याच शेतातल्या उसापासून बनवलेला १००% नैसर्गिक, केमिकल-फ्री, घरगुती सेंद्रिय गूळ.' वाचायला छान आहे, पण ते आमचं वाटत नाही. पाकिटावर आणि इन्स्टाग्रामवर नेमकं काय लिहू?

उत्तर:

ताई, तुम्हाला ते आपलं वाटत नाही, कारण त्यातला एकही शब्द तुमच्या गुऱ्हाळातून आलेला नाही. तोच मजकूर उद्या लोणच्याच्या बरणीवर चिकटवला तर कुणाला फरक कळणार नाही. तुमच्या प्रश्नातच त्याहून चांगली गोष्ट आहे. आधी डिझायनरचं वाक्य सोडवून बघू, म्हणजे काय टाकायचं आणि काय ठेवायचं ते आपोआप दिसेल.

'आमच्याच शेतातल्या उसापासून' हे सर्वांत आधी काढा. अडीच एकरांत एकरी ४० टन ऊस धरला तरी १०० टन होतो. टनाला १०० ते १२० किलो गूळ धरला तर सगळा मिळून १० ते १२ टन. रोज १० टन ऊस गाळणारं गुऱ्हाळ एवढा ऊस दहा दिवसांत संपवतं, आणि हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हा हिशेब आपल्या भागातला कोणताही शेतकरी तोंडी करेल. तुमचे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे असले तरी त्यांचे निम्मे नातेवाईक गावीच असतात. शिवाय शेजाऱ्यांचा ऊस घेण्यात लपवण्यासारखं काहीच नाही. उलट 'जवळच्या शेतकऱ्यांचा ऊस' म्हटलं की गुऱ्हाळ खरोखर चालतं आहे हे कळतं.

'केमिकल-फ्री' हा शब्द तुमच्या बाबतीत सरळ खोटा ठरतो, कारण चुना हे रसायनच आहे. तो का घालतात हे मात्र सांगण्यासारखं आहे. उसाचा रस आंबटसर असतो. तो तसाच आटवला तर साखरेचं विघटन होतं, गूळ मऊ पडतो आणि रवा नीट धरत नाही. चुन्याच्या निवळीनं आंबटपणा कमी होतो आणि मळी वर यायला मदत होते. भेंडीचा चिकट रस ती मळी धरून ठेवतो, मग ती झाऱ्यानं काढता येते. एवढं कळल्यावर ग्राहक चुन्याला घाबरत नाही. पण पाकिटावर 'केमिकल-फ्री' लिहून रीलमध्ये काहिलीत चुना पडताना दिसला, तर पहिली कमेंट त्यावरच येणार.

'सेंद्रिय' लिहायला प्रमाणपत्र लागतं: एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांपैकी एकीचं. अगदी लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना सूट आहे, पण तुमचा बराचसा ऊस दुसऱ्यांच्या शेतातला. त्यांनी कोणती खतं टाकली याची हमी तुम्ही कशी देणार? हा शब्द सोडून द्या.

'नैसर्गिक', 'परंपरागत', 'घरगुती' हे शब्द निरुपद्रवी वाटतात, पण अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत यांच्यावर बंधनं आहेत. 'नैसर्गिक' कधी म्हणायचं याच्या अटी आहेत. 'परंपरागत' म्हणायचं तर ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या, फारसा बदल न होता चालत आलेली असावी लागते. 'घरगुती'सारखा शब्द ग्राहकाची दिशाभूल करणारा असेल तर वापरता येत नाही, आणि चुलवाण, काहील, वाफे असलेलं गुऱ्हाळ म्हणजे घर नव्हे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड दूर राहिला, तरी १९९८ साली सुरू झालेल्या गुऱ्हाळाला 'पिढ्यानपिढ्या' म्हणणं मला पटत नाही. 'सन १९९८ पासून' यात वजन आहे, आणि ते कुणी खोडून काढू शकत नाही.

आजीबद्दल काय बोलू! आंतरजालावरून विकत घेतलेला एकच सुरकुतलेला हसरा चेहरा आज मसाल्यावर, पापडावर आणि तुपावरही दिसतो. तुमच्या गोष्टीत आजी नाही, गुळव्या आहे. उकळत्या रसाकडे बघून आधण, म्हणजे काहिलीत आटणारा एका वेळचा रस, नेमकं कधी उतरवायचं हे ठरवणारा माणूस तोच. थेंब पाण्यात टाकून गोळी कशी बनते ते तो बघतो. यंत्रावर तापमान साधारण ११८ अंशांच्या आसपास दाखवतं. गोष्टीतला माणूस हाच असू द्या. मात्र नाव आणि फोटो छापण्याआधी त्याला मजकूर वाचून दाखवा आणि लेखी होकार घ्या. तो उद्या दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला तर छापलेली पाकिटं अडचणीत येतात, म्हणून पाकिटावर त्याचं फक्त काम लिहा, नाव इन्स्टाग्रामवर.

आता पाकिटाच्या मागच्या बाजूचा मजकूर. मी असा लिहीन:

'हा गूळ पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळात तयार होतो. वडिलांनी ते १९९८ साली सुरू केलं. आज मुलगा आणि सून चालवतात. थोडा ऊस आमच्या शेतातला, बाकी जवळच्या शेतकऱ्यांचा. रसातली मळी काढायला भेंडीचा रस आणि चुन्याची निवळी वापरतो. आमचा गूळ तपकिरी असतो आणि दर आधणाला रंग थोडा बदलतो. पावसाळ्यात तो ओल धरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.'

यातली शेवटची तीन वाक्यं सर्वांत जास्त काम करतात. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ बघून सरावलेलं असतं. तुमचं पाकीट उघडल्यावर गडद रवा दिसला की 'जुना दिसतोय' असा फोन येतो, आणि दुसऱ्या वेळी वेगळी छटा आली की 'भेसळ आहे का' असा. तक्रार येण्याआधीच ते छापलेलं असेल तर तोच रंग तुमची ओळख होतो. ओलीचंही तसंच. जुलैत पाझरलेला रवा लोकांना खराब वाटतो. खरं म्हणजे गूळ हवेतला दमटपणा ओढतो, एवढंच.

हायड्रोस या मजकुरात मी मुद्दाम घातला नाही. 'अमुक घातलेलं नाही' अशा दाव्यांना २०१८ च्या त्याच नियमांत वेगळ्या अटी आहेत. पाकिटावर लिहायचंच असेल तर परवान्याचं काम बघणाऱ्या माणसाला मजकूर दाखवून घ्या, आणि घटकांच्या यादीत चुना-भेंडी कशी दाखवायची तेही त्याच वेळी विचारा. सोबत प्रयोगशाळेत सल्फर डायऑक्साइडची तपासणी करून घ्या, कारण हायड्रोस वापरल्याची खूण त्यातून मिळते. तो अहवाल फक्त पाठवलेल्या नमुन्याचा असतो. तो दाखवताना बॅच क्रमांक आणि तारीख झाकू नका, आणि गेल्या हंगामाचा अहवाल यंदाच्या मालावर लावू नका. इतर सगळे विष विकतात, असा सूर तर अजिबात नको. शेजारच्या गुऱ्हाळवाल्याशी उद्या तुमचा व्यवहार आहे.

'रक्त वाढवतो', 'मधुमेहींना चालतो' असलं काही कुठेही लिहू नका, कमेंटच्या उत्तरातसुद्धा. गूळ ही मुख्यतः साखरच आहे. कुणी विचारलं तर 'साखरेची पथ्यं असतील तर डॉक्टरांना विचारा' एवढंच उत्तर द्या. 'कोल्हापुरी गूळ' हे नाव भौगोलिक मानांकनात नोंदलेलं आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद होईपर्यंत ते मोठ्या अक्षरांत ब्रँडसारखं वापरू नका. गाव आणि तालुका पत्त्यात येतोच.

छपाईचं एक. छापील पाऊच मोठ्या संख्येनं घ्यावे लागतात आणि ते दोन-तीन हंगाम पुरतात. म्हणून छापील भागात न बदलणारंच लिहा: साल, ठिकाण, पद्धत, स्वभाव. उसाची जात, आधणाची तारीख, बॅच हे स्टिकरवर जाऊ द्या. पहिल्या हंगामात तर सगळंच साध्या पाऊचवर स्टिकर लावून करा. लोक काय विचारतात ते कळल्यावर मजकूर एकदा तरी बदलावासा वाटेलच. क्यूआर कोड देणार असाल तर तो तुमच्या ताब्यातल्या पत्त्यावर न्या. फुकट क्यूआर बनवणाऱ्या काही सेवांची मुदत संपली की कोड बंद पडतो, आणि पाच हजार पाकिटांवरचा मेलेला कोड काही न सांगताच शंका निर्माण करतो.

इन्स्टाग्रामच्या बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात इतकं बसतं: 'पन्हाळ्याचं गुऱ्हाळ, १९९८ पासून. भेंडी आणि चुन्याची निवळी. तपकिरी गूळ, एक किलोचे रवे. हंगाम: दिवाळी ते मार्च.' वर तीन पोस्ट पिन करता येतात. पहिली: ऊस गाळण्यापासून साच्यातून रवा काढेपर्यंत एका आधणाचा व्हिडिओ, चुना घालतानाचा भाग न कापता. दुसरी: ऊस कुठून येतो. शेतकऱ्यांची नावं त्यांच्या संमतीनंच. तिसरी: रंग वेगळा का दिसतो, दोन आधणांचे रवे शेजारी ठेवून. फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि फिल्टर लावू नका. पिवळसर फिल्टर लावला तर पाकिटावर लिहिलेल्या तपकिरी रंगाशीच तो भांडेल.

मजकूर छापायला देण्याआधी एक कागद करा. डाव्या बाजूला प्रत्येक वाक्य, उजव्या बाजूला त्याचा पुरावा: १९९८ साठी जुना परवाना किंवा वीजबिल, शेतासाठी सातबारा, घेतलेल्या उसासाठी वजनाच्या पावत्या, पद्धतीसाठी व्हिडिओ. उजवी बाजू रिकामी राहिली तर ते वाक्य छापू नका. 'जवळचे शेतकरी' या शब्दांवरही हीच कसोटी लावा: एखाद्या हंगामात ऊस कमी पडून लांबून आणावा लागला, तर त्या मालाच्या स्टिकरवर तसं लिहा आणि इन्स्टाग्रामवरही सांगा.