लोकलमध्ये नेटवर्क नसताना नोट्स उघडायच्या असतील तर

डोंबिवलीहून निघण्याआधी घरीच एक चाचणी कर. फोन एअरप्लेन मोडवर टाक, नोट्सचं अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघड आणि महिन्यापूर्वीची, फोटो जोडलेली नोट शोध. नुकतीच पाहिलेली नोट उघडली म्हणून खूश होऊ नकोस, ती तात्पुरत्या साठ्यातून येऊ शकते. मजकूर दिसला पण फोटोची जागा रिकामी राहिली, तर अॅपने फक्त मजकूर उतरवलाय. जॉपलिन या नोट्सच्या अॅपमध्ये असं झालं तर सिंकच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या फाइल्स नेहमी डाउनलोड करायचा पर्याय निवड.

खरी अडचण दोन उपकरणांची असते. रात्री लॅपटॉपवर ‘अर्थशास्त्र’ नोट वाढवलीस, सकाळी फोन सिंक न करता मुंब्र्याच्या गर्दीत त्याच नोटमध्ये दोन ओळी लिहिल्यास. नेटवर्क येताच दोन आवृत्त्या भिडतात. जॉपलिन तेव्हा लॅपटॉपची आवृत्ती ठेवतं आणि तुझ्या ओळी ‘Conflicts’ नावाच्या वहीत टाकतं. त्या हरवत नाहीत, पण तिथून हातानेच परत आणाव्या लागतात.

म्हणून लॅपटॉप बंद करण्याआधी त्याचं सिंक पूर्ण होऊ दे, मग घरच्या वायफायवर फोनचं. गाडीत मात्र जुन्या नोटला हात लावू नकोस, नवी नोट काढ. संध्याकाळी दोन्ही जोडून टाक.