एटीपीचं उत्तर −३४.७ येतंय? एकक बघा

> "लाल रक्तपेशीत एटीपी २.२५, एडीपी ०.२५ आणि फॉस्फेट १.६५ मिलिमोलर दिलंय. पुन्हा पुन्हा केलं तरी −३४.७ येतंय, पुस्तकात −५२ आहे. कुठे चुकतंय?"

तुमचा आकडा बघूनच कळलं, कारण याच −३४.७ ने मला खूप छळलंय. तुम्ही मिलिमोलरचे आकडे तसेच Q मध्ये घातलेत. एटीपी फुटून एडीपी आणि फॉस्फेट होतानाच्या ΔG चं −३०.५ हे प्रमाण मूल्य सगळं १ मोलर असताना काढलेलं आहे, त्यामुळे Q मध्येही मोलरच पाहिजे.

```
Q = (0.00025 × 0.00165) / 0.00225 = 0.000183
ΔG = -30.5 + 2.479 × ln(0.000183)
   = -30.5 - 21.3 = -51.8 kJ/mol
```

"एककं वरखाली कटतात ना" असं सगळे म्हणतात, पण इथे वर दोन सांद्रता आहेत आणि खाली एकच, म्हणजे एक मिलिमोलर उरतोच, आणि त्या हजारपटीचेच १७.१ किलोज्यूल तुमच्या उत्तरात कमी पडतायत. ग्लुकोजला एटीपीकडून फॉस्फेट मिळतो त्या अभिक्रियेत दोन्हीकडे दोन-दोन असतात, तिथे खरंच कटतं, आणि तीच सवय इकडे येते. पाणी आणि हायड्रोजन आयन मात्र Q मध्ये घालू नका, ते pH ७ च्या प्रमाण मूल्यातच धरलेले असतात.

मला राग आहे तो आमच्या परीक्षेच्या नमुना उत्तराचा. त्यात −३४.७ छापलं होतं, मी −५१.८ लिहिलं म्हणून मार्क गेले, फेरतपासणीचा अर्ज केला, एककांचं सगळं सविस्तर लिहून जोडलं, तर उत्तर आलं एका ओळीचं, 'तपासणी नमुना उत्तराप्रमाणे योग्य आहे'. अहो, नमुना उत्तरच चुकलंय हेच तर अर्जात लिहिलं होतं! ते कुणी वाचलंच नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, पेपरात मोलरमध्ये बदलल्याची पायरी वेगळ्या ओळीत लिहाच, निदान भांडायला पुरावा राहतो.

आता हे −५१.८ म्हणजे पेशीतलं अगदी खरं मूल्य असंही धरू नका (मी शिकवत नाही, रोज हीच गणितं करावी लागतात एवढंच). पेशी फोडून मोजलेला एडीपी हा एकूण एडीपी असतो, आणि स्नायूत त्यातला बराचसा अ‍ॅक्टिनला चिकटलेला असतो. Q मध्ये फक्त मोकळा धरायचा, आणि तो सहसा थेट मोजत नाहीत, क्रिएटिन कायनेजच्या समतोलावरून काढतात. मोकळा एडीपी एकूणाच्या दहावा भाग निघाला तर ΔG आणखी ५.७ ने ऋण होतो, म्हणून स्नायूसाठी कुठे −६० च्या पुढचे आकडे दिसले तर घाबरू नका, आधी त्यांनी कुठला एडीपी धरलाय ते बघा.

आणि हो, वरचं २.४७९ हे २५ अंशाला आहे. तुमच्या गणितात ३७ दिलं असेल तर २.५८ घ्या, −५२.७ येईल. बारीक बघितलं तर तापमानाने −३०.५ सुद्धा थोडं हलतं, पण अशा गणितात ते तसंच ठेवतात.